दोन टक्क्यांची सूट सोडली तर वर्षाला नेमकं किती जातं?

प्रश्न : आमचा लोणावळ्यात चिक्कीचा छोटा कारखाना आहे. छापील पाऊच पुण्याच्या बाजूच्या एका कारखानदाराकडून येतात. पावसाळ्याआधी मोठी ऑर्डर द्यावी लागते, एरवीही दर दोन महिन्यांनी एक लॉट लागतोच. त्यांच्या बिलाखाली लिहिलेलं असतं : ‘दहा दिवसांत पेमेंट केल्यास दोन टक्के सीडी, अन्यथा तीस दिवस नेट.’ आमच्याकडे हॉटेलांचे आणि हायवेवरच्या दुकानांचे पैसे जरा उशिरा येतात, त्यामुळे दहा दिवस कधी साधत नाहीत. पण तीस दिवस ताणणंही बरं वाटत नाही, म्हणून साधारण पंधराव्या दिवशी आम्ही पैसे देऊन मोकळे होतो. कॉमर्सला असलेला मुलगा म्हणतो, ‘आई, तू वर्षाला सदतीस टक्के व्याज भरतेस.’ मी म्हणते, दोन टक्के ते दोनच टक्के, लाखाला दोन हजार. दोघांत बरोबर कोण?

— एक वाचक, लोणावळा

उत्तर : ताई, तुमचा हिशेब रुपयांचा आहे आणि तो बरोबर आहे. मुलाचा हिशेब दराचा आहे आणि पुस्तकातल्या उदाहरणापुरता तोही बरोबर आहे. पण तुम्ही सहज म्हणून लिहिलेल्या एका वाक्यामुळे तुमच्या घरचं उदाहरण पुस्तकातल्यापेक्षा वेगळं झालंय. त्याकडे येतोच. आधी सदतीस कुठून आले ते पाहू.

एक लाखाचं बिल घ्या. कर सध्या बाजूला ठेवा. ४ जुलैची तारीख आहे. १४ जुलैपर्यंत पैसे दिले तर ९८,००० रुपयांत काम होतं. ती तारीख चुकली, तर ३ ऑगस्टपर्यंत पूर्ण एक लाख द्यायचे. म्हणजे पाऊचची खरी किंमत ९८,००० आहे. वरचे दोन हजार हे पाऊचचे पैसे नव्हेत, ते मुदतीचे पैसे आहेत. कारखानदार म्हणतोय, ‘माझे ९८,००० आणखी काही दिवस वापरायचे असतील, तर दोन हजार भाडं पडेल.’

हे भाडं किती दिवसांचं? इथे बहुतेकजण चुकतात आणि तीस दिवस धरतात. पहिले दहा दिवस तर फुकटच आहेत, सूट घेणाऱ्यालाही ते मिळतातच. भाडं आहे ते अकराव्यापासून तिसाव्या दिवसापर्यंतच्या वीस दिवसांचं. ९८,००० वर २,००० म्हणजे २.०४ टक्के, तेही वीस दिवसांचे. आपल्याकडे व्याज बोलतात ते शेकड्याने आणि महिन्याने. त्या भाषेत हे शेकडा तीन रुपये महिना झालं, वर थोडे पैसे. वर्षात वीस दिवसांचे सव्वाअठरा तुकडे पडतात. २.०४ ला १८.२५ ने गुणलं की ३७.२ टक्के येतात. मुलाने काढलेले सदतीस ते हेच. काही पुस्तकांत व्याजावर व्याज धरून ४४.६ टक्के देतात. मात्र तो आकडा खरा ठरायला वाचवलेले दोन हजार दर वीस दिवसांनी तितक्याच दराने पुन्हा कामाला लागायला हवेत. छोट्या धंद्यात असं होत नाही, म्हणून मी सदतीसवरच थांबतो.

हा दर किती चढा आहे हे पाहायला एकच तुलना पुरेशी आहे. ‘महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४’ खाली राज्याने जे कमाल दर ठरवून दिले, त्यात शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्जावर परवानाधारक सावकाराने वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये असं आहे. म्हणजे तारण न मागणाऱ्या सावकाराच्या कायदेशीर दराच्या दुप्पट तुम्ही पाऊचवाल्याला देता. फरक इतकाच, की पाऊचवाल्याला कोणी सावकार म्हणत नाही आणि ही रक्कम तुमच्या वहीत ‘व्याज’ या सदरात कधी चढत नाही. ती ‘पॅकिंग खर्च’ होऊन निमूट निघून जाते.

तरी तुमचा ‘दोन म्हणजे दोनच’ हा मुद्दा मी सोडत नाही, कारण तो रास्त आहे. वर्षाला सहा लॉट घेता, म्हणजे सहा लाखांची खरेदी आणि बारा हजारांचा तोटा. सहा लाखांवर बारा हजार म्हणजे दोनच टक्के. सदतीस टक्के कोणी तुमच्या गल्ल्यातून काढून नेत नाही. मग तो आकडा कसला? तो असा पाहा. समजा तुम्ही दरवेळी पूर्ण तीस दिवस थांबलात. सहा लॉट, प्रत्येकी वीस जादा दिवस, असे एकूण १२० दिवस ९८,००० रुपये तुमच्याकडे राहिले. ते वर्षभरात पसरले, तर बारा महिने सरासरी सुमारे ३२,२०० रुपये कारखानदाराचे तुमच्याकडे होते. बत्तीस हजार वापरायला मिळाले आणि त्याचं भाडं बारा हजार. ‘उसने’ असं नाव घालून कोणी त्याच्याकडून बत्तीस हजार मागितले असते आणि परत करताना वर बारा हजार दिले असते, तर शेजारपाजारी बोलले असते. दोन टक्के हे खरेदीचं माप आहे, सदतीस हे उसन्या पैशाचं. बँकेच्या व्याजाशी तुलना करायची तर दुसरं मापच लागतं.

आता तुमचं ते वाक्य. तुम्ही पंधराव्या दिवशी पैसे देता. मग वीस दिवसांचं भाडं भरून वापरता फक्त पाच दिवस. दोन हजारांत पाच दिवस, दिवसाला चारशे रुपये. वर्षाच्या दरात मांडलं तर १४९ टक्के. मुलाचा आकडा तुमच्याबाबतीत कमीच पडला! अकराव्या दिवशी दिलेत तर तो साडेसातशेच्या जवळ जातो, पण असले आकडे हसण्यापुरते. लक्षात ठेवण्यासारखं इतकंच, की अशा बिलाला पैसे देण्याचे दोनच दिवस आहेत, दहावा किंवा तिसावा. पाचव्या दिवशी देऊन जादा काही मिळत नाही. दहावा हुकल्यावर अकराव्या, पंधराव्या, विसाव्या दिवशी देण्यात पैशाचा काही फायदा नाही. ‘लवकर देऊन मोकळं व्हावं’ हा स्वभाव चांगला, व्यवहारात नाव राहतं, हे मान्य. मात्र सहा लॉटच्या बारा हजारांत तुम्ही वर्षाकाठी मोजून तीस दिवस विकत घेता. त्या नावाची किंमत कागदावर अशी दिसते.

म्हणून तुमच्यापुढचा खरा प्रश्न पाच दिवसांचा आहे. पंधराव्या दिवशी जे पैसे येतातच, ते दहाव्या दिवशी कुठून आणायचे? चालू खात्याला जोडून कॅश क्रेडिटची मर्यादा असेल, तर तिथून. बँकेचा दर समजा ११ टक्के आहे. ९८,००० वर पाच दिवसांचं व्याज दीडशे रुपयांच्या आत बसतं. दीडशे देऊन दोन हजार वाचतात. पूर्ण वीस दिवस बँकेचे पैसे वापरले तरी व्याज ५९१ रुपये होतं आणि १,४०९ रुपये हातात राहतात. सहा लॉटचे मिळून साडेआठ हजारांच्या घरात.

इथे मला बहुतेक दुकानदारांकडून एकच वाक्य ऐकू येतं : ‘लिमिट भरलेलं असतं हो.’ ते खरं असतं, पण अर्धंच. बँक तुम्हाला किती काढू देते हे दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरतं. गोदामातला माल धरायचा, त्यातून ज्याचे पैसे अजून दिले नाहीत तो माल वजा करायचा, उरलेल्यावर साधारण पाव हिस्सा मार्जिन सोडायचं, मग राहते ती काढता येणारी रक्कम. पाऊचचं बिल थकीत आहे तोवर ते पाऊच बँकेच्या हिशेबात तुमचे नाहीतच. बिल भागवलं की ९८,००० चा माल तुमचा होतो आणि पंचवीस टक्के मार्जिन सोडून साडेत्र्याहत्तर हजारांनी काढायची मुभा वाढू शकते, अर्थात मंजूर मर्यादेच्या आत. स्टेटमेंट महिन्याला एकदाच जातं, त्यामुळे हा फायदा लगेच दिसत नाही. मार्जिनचा पाव हिस्सा तुम्हालाच घालावा लागतो. तरी बँकेच्या माणसाशी एकदा हे बोलून घ्या. मंजूर मर्यादा आणि काढता येणारी रक्कम यांतलं नेमकं काय भरलंय, ते दोघांनाही कळेल.

आता कर. मघाशी बाजूला ठेवला होता, पण तुमच्या बिलावर तो आहे. प्लॅस्टिकच्या छापील पाऊचवर जीएसटी १८ टक्के, म्हणून लाखाचं बिल १,१८,००० चं होतं. दोन टक्के कशावर, हे आधी विचारून घ्या. बरेच कारखानदार करपूर्व किमतीवर देतात, म्हणजे दोन हजारच. तेव्हा तुम्ही दहाव्या दिवशी १,१६,००० मोजता आणि वाचवता दोन हजार. जास्त रक्कम आधी सोडून तितकीच बचत झाल्याने दर सदतीसवरून साडेएकतीसवर येतो. पूर्ण बिलावर सूट असेल, तर बचत २,३६० आणि दर पुन्हा सदतीस. त्याशिवाय क्रेडिट नोट कशी देतात तेही पाहा. कराला हात न लावलेली साधी क्रेडिट नोट असेल तर तुमचं इनपुट क्रेडिट जसंच्या तसं राहतं. करासकट नोट दिली तर तेवढं क्रेडिट उलटवावं लागतं आणि २,३६० पैकी ३६० परत जातात. हे काम तुमच्या कर सल्लागाराचं आहे, पण सूट मोजताना ते तीनशे साठ आपले धरू नका.

दिवस कुठून मोजायचे, यावर मात्र सल्लागार काही सांगणार नाही. भांडणं होतात ती इथेच. बिलाची तारीख शुक्रवारची, टेम्पो तुमच्या दारात येतो मंगळवारी, बिल हाती पडतं गठ्ठ्यांबरोबर आणि गठ्ठे उघडले जातात गुरुवारी. दहातले सहा दिवस तुम्हाला कळायच्या आतच गेले. बिलावर काही वेगळं लिहिलेलं नसेल तर कारखानदार बिलाच्या तारखेपासूनच मोजतो. माल मिळाल्यापासून दहा दिवस, असं ऑर्डर देतानाच लिहून मागा. मोठ्या लॉटच्या गिऱ्हाइकाला ते सहसा मिळतं, कारण छपाईचे सिलिंडर तुमच्या नावाचे करून ठेवलेले असतात आणि त्यालाही ते दुसऱ्या कोणासाठी वापरता येत नाहीत. दहावा दिवस रविवारी आला, ही सबब आता चालत नाही. १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास, सातही दिवस सुरू आहे. एनईएफटी त्याच्याही वर्षभर आधीपासून. चेकवाल्यांनी मात्र विचारून ठेवावं, की चेक दिल्याची तारीख धरणार की वटल्याची.

याउलट मी काही पार्ट्या पाहिल्या आहेत, ज्या पस्तिसाव्या दिवशी पैसे देतात आणि तरी ‘सीडी कापून’ देतात. कारखानदार कुरकुरतो, एकदा सोडून देतो. पुढच्या लॉटला मात्र भावात चार पैसे चढलेले असतात. ते चार पैसे कोणत्या रागाचे, हे कोणी सांगत नाही. तुमच्या भावातही हे दोन टक्के आधीच चढवून ठेवलेले असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणजे दहाव्या दिवशी देणारा खरा भाव देतो आणि बाकीचे उधारीचा भाव. आपल्या बाजारात ‘रोखीचा भाव’ आणि ‘उधारीचा भाव’ असं तोंडानेच सांगतात, तीच ही गोष्ट, फक्त बिलावर छापलेली.

मग सूट कधीच सोडू नये का? तसं नाही. जुलै-ऑगस्ट तुम्हाला सांगायला नको. शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणारी गर्दी परतताना चिक्की नेते आणि त्या दोन महिन्यांत दाणे-गूळ कमी पडले तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. बँकेची मर्यादा खरोखर संपलेली आहे, हातात ९८,००० आहेत आणि ते पाऊचला दिले तर शेंगदाण्याचा ट्रक उतरवून घेता येत नाही, असा पेच असेल तर वहीत जुळणी करा. त्या पैशांतून वीस दिवसांत होणाऱ्या जादा विक्रीवर गॅस, मजुरी, फुटलेला माल, दुकानदाराचं कमिशन सगळं वजा जाऊन दोन हजारांपेक्षा जास्त उरतंय का? उरत असेल तर सूट सोडा, ते व्याज परवडलं. एरवी कोणी विचारलं तर माणूस किलोमागचा ठोक नफा सांगतो आणि ‘आमचा पैसा याहून जास्त कमावतो’ म्हणतो. पण एरवीच्या महिन्यात तेच दाणे दोन आठवडे गोणीत पडून असतात आणि पडून असलेला दाणा काही कमवत नाही. आणि सोडलीच, तर मग ३ ऑगस्टला द्या, १९ जुलैला नको.

तुमच्या मुलाला आणखी एक प्रश्न सुचेल, म्हणून आधीच उत्तर देतो. तीसऐवजी साठ दिवस ताणले तर दर खाली येतो. दोन हजारांत पन्नास दिवस, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास. गणित बरोबर आहे, पण मध्ये कायदा उभा आहे. तुमचा पाऊचवाला स्वतः माल बनवणारा आणि सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असलेला असेल, तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात आणि लेखी कबुलीनेही ती मुदत ४५ दिवसांच्या पलीकडे नेता येत नाही. लेखी काहीच ठरलेलं नसेल तर पंधरा दिवस. तुमची मुदत बिलावर तीस लिहिलेली आहे. ती उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागू होतं. तो कधी मागणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) म्हणून जी तरतूद आणली, तिला त्याच्या मागण्याची गरज नाही. ३१ मार्चला वहीत दिसणारी अशी थकबाकी मुदतीत दिली नाही, तर तो खर्च त्या वर्षी मान्य होत नाही. तो मिळतो पैसे देता त्या वर्षी. मार्चमध्ये घेतलेल्या लॉटची तारीख म्हणूनच जास्त बघावी.

तुम्ही करायचं काम लहान आहे. हॉटेलवाल्यांना तुमच्या बिलावर मुदत काय लिहिता? काहीच नसेल, तर त्यांचे पैसे दहा-बारा दिवस आधी यावेत यासाठी तुम्हीच एक टक्का सूट देऊन पाहा. पाऊचवाल्याकडून दोन मिळतात, हॉटेलाला एक दिला, तरी एक उरतो. मात्र हॉटेलाच्या बिलाची रक्कम पाऊचच्या बिलापेक्षा फार मोठी असेल तर हा सौदा उलटा पडतो. अडीच लाखांवरचा एक टक्का म्हणजे अडीच हजार, आणि वाचणार दोनच. तेव्हा सगळ्यांना सरसकट देऊ नका, ज्या एक-दोघांच्या पैशांवर तुमचा दहावा दिवस अडतो त्यांनाच द्या. पुढचा लॉट आला की गठ्ठ्यांवरचं बिल आधी सोडवा आणि कॅलेंडरवर दहावी तारीख मुलाकडूनच लिहून घ्या. हिशेब त्याने काढलाय, तर आठवण ठेवायचं कामही त्याच्याकडेच असू द्या.